गिझरचे गणित आणि तिसरी तार

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' नावाचा पाठ आहे. त्यातून तयार होणारी गणिते महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी वहीत सोडवलेली असतात. दोन हजार वॅटचा गिझर रोज एक तास चालतो. महिन्याला किती युनिटे जळतील, आणि एका युनिटला अमुक रुपये पडत असतील तर बिल किती येईल? दोन किलोवॅट गुणिले एक तास गुणिले तीस दिवस म्हणजे साठ युनिटे, त्याला दराने गुणले की उत्तर आले. त्याच पानावर पुढे रिकाम्या जागा भरायला असतात. जास्त धारा वाहिली की ____ वितळतो. उपकरणाचे धातूचे आवरण ____ तारेने जमिनीला जोडतात. फ्यूज, भूसंपर्क, दोन गुण.

उत्तरे बरोबर आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण हाच गिझर कागदावरून उचलून बिबवेवाडीतल्या एखाद्या इमारतीच्या न्हाणीघरात टांगला, तर त्याच प्रश्नांची उत्तरे निराळी येतात. गणितातला दर एकच असतो, बिलातला दर पायरीपायरीने चढतो. रिकाम्या जागेतला फ्यूज माणसाला वाचवतो असा समज होतो, आणि प्रत्यक्षात तो माणसाकडे पाहतही नाही. म्हणून एकच उपकरण धरून त्याच्या अंगावरच्या पाटीपासून इमारतीखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाऊन यावे, एवढाच या लेखाचा बेत आहे.

गिझरच घेण्याचे कारण सरळ आहे. साध्या घरातल्या उपकरणांपैकी तो सर्वांत जास्त वीज ओढणाऱ्यांत मोडतो, आणि आपण त्याच्याजवळ जातो ते अनवाणी आणि ओल्या अंगाने.

पाटी काय सांगते

गिझरच्या बुडाशी एक पाटी असते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २००० वॅट, १५ लिटर, कमाल दाब, आणि आयएसआयची खूण. यातले २००० वॅट म्हणजे गिझर तासाला दोन युनिटे खाईल अशी शपथ नव्हे. २३० व्होल्टचा दाब मिळाला तर आतली कॉइल ज्या वेगाने वीज खाईल, तो हा वेग. कॉइलचा रोध सुमारे साडेसव्वीस ओहम भरतो. संध्याकाळी दाब २१० व्होल्टवर उतरला, तर तीच कॉइल साधारण १६६५ वॅटने चालते. पाणी तापायला वेळ जास्त लागतो. युनिटे मात्र जवळजवळ तेवढीच पडतात, कारण पाण्याला लागणारी उष्णता तीच असते. 'व्होल्टेज कमी असले की बिल कमी येते' हे गिझरच्या बाबतीत खरे नाही.

शाळेच्या गणितातला 'रोज एक तास' कुठून आला हे मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. चौघांचे घर धरू. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतले पाणी २० अंश सेल्सिअस आणि अंघोळीचे ४० अंश. माणशी १८ लिटरची एक बादली म्हटली तर ७२ लिटर पाणी २० अंशांनी तापवायचे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे १४४० किलोकॅलरी झाल्या. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. भागाकार केला की रोजची १.६७ युनिटे आणि महिन्याची ५० युनिटे. दोन हजार वॅटच्या कॉइलला त्यासाठी दिवसाला पन्नास मिनिटे जळावे लागेल. म्हणजे वहीतला एक तास अगदीच हवेतला नाही.

फसगत होते ती बटनाचे तास मोजल्याने. बटन तीन तास चालू राहिले म्हणून सहा युनिटे पडत नाहीत. पाणी ठरलेल्या तापमानाला आले की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, लाल दिवा विझतो. मग टाकीच्या भिंतींतून उष्णता झिरपत राहते आणि ती भरून काढायला कॉइल अधूनमधून पुन्हा लागते. हा ऱ्हास चोवीस तासांत किती, ते ऊर्जा कार्यक्षमतेच्या ताऱ्यांच्या लेबलवर छापलेले असते. समजा तो अर्धे युनिट आहे. तर दिवसरात्र बटन चालू ठेवण्याची महिन्याची किंमत पंधरा युनिटे. अठ्ठेचाळीस युनिटे दिवसाला नव्हेत, पण फुकटही नाही.

हे सगळे आपल्या मीटरवर पडताळता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या तोंडावर `3200 imp/kWh` किंवा तसाच दुसरा आकडा असतो. त्याचा अर्थ, लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातले सगळे बंद करून फक्त गिझर लावा आणि अर्धा मिनिट दिवा मोजा. दोन किलोवॅटला तासाला ६४०० म्हणजे अर्ध्या मिनिटात त्रेपन्नच्या आसपास लुकलुक यायला हवी. आणि गिझरही बंद केल्यावर दिवा पूर्ण थांबायला हवा. थांबला नाही, तर घरात विसरलेले काहीतरी चालू आहे, नाहीतर कुठेतरी वीज गळते आहे. काही मीटरवर याखेरीज `E/L` असे लिहिलेला एक वेगळा दिवा असतो. गेलेली आणि परत आलेली धारा सारखी नसली की तो लागतो. बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो, कारण मीटर जिन्याखालच्या पेटीत असतात आणि तिथे जायचे ते फक्त वीज गेल्यावर.

एक गिझर, तीन बिले

आता पन्नास युनिटांची किंमत. पुणे शहरात वीज महावितरणची, आणि तिचा दर ठरवते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. घरगुती दराच्या पायऱ्या चार आहेत : १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. दर बदलत राहतात, म्हणून हिशेबासाठी आपण २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे दर घेऊ. त्या वर्षी वीज आकार पहिल्या पायरीला ४.७१ रुपये, दुसऱ्या पायरीला १०.२९ आणि तिसऱ्या पायरीला १४.५५ रुपये होता. त्यावर प्रत्येक युनिटाला १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचे भाडे. बेरीज केली की युनिटाला अनुक्रमे ५.८८, ११.४६ आणि १५.७२ रुपये. या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क, जे सरकारकडे जाते. बिलात स्थिर आकार आणि महिन्यागणिक बदलणारा इंधन समायोजन आकारही असतो. पण स्थिर आकार गिझर लावल्याने वाढत नाही आणि इंधनाचा आकडा दर महिन्याला निराळा, म्हणून दोन्ही बाजूला ठेवतो.

आता बिबवेवाडीतला एक जिना कल्पू. तळमजल्यावर एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ, गिझरशिवाय त्यांचा वापर महिना ४० युनिटे. पहिल्या मजल्यावर चौघांचे कुटुंब, गिझरशिवाय ९० युनिटे. दुसऱ्या मजल्यावर मोठा फ्रिज, दोन संगणक आणि घरून काम करणारी दोन माणसे, गिझरशिवाय २९० युनिटे. हिशेब सोपा जावा म्हणून तिघांकडेही गिझरची तीच ५० युनिटे धरू. तळमजल्यावर थंडीसाठी मुलगी आणि नातवंडे आली आहेत असे समजा.

तळमजल्यावर चाळीसवर पन्नास, नव्वद युनिटे. सगळी पहिल्याच पायरीत बसली. गिझरचा खर्च ५० गुणिले ५.८८, म्हणजे २९४ रुपये आणि शुल्क धरून ३४१. पहिल्या मजल्यावर पन्नासपैकी दहाच युनिटांना पहिल्या पायरीत जागा आहे. उरलेली चाळीस दुसऱ्या पायरीवर जातात. ५८.८० अधिक ४५८.४०, म्हणजे ५१७.२० आणि शुल्क धरून ६०० रुपये. दुसऱ्या मजल्यावर दहा युनिटे दुसऱ्या पायरीत आणि चाळीस तिसऱ्या पायरीत : ७४३.४० आणि शुल्क धरून ८६२ रुपये. गिझर तोच, पाणी तेवढेच, बिले ३४१, ६०० आणि ८६२.

पहिल्या मजल्यावरचे कुटुंब थोडे जवळून पाहू. गिझरशिवाय त्यांच्या नव्वद युनिटांचे शुल्कासह ६१४ रुपये होत होते. गिझरसह १४० युनिटांचे १२१४ झाले. वापर निम्म्याहून थोडा अधिक वाढला आणि रक्कम जवळजवळ दुप्पट झाली. अशा वेळी पहिला संशय जातो तो मीटरवर. मीटर तपासून घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी हा गुणाकार करून पाहावा; बहुतेक थंडीतल्या तक्रारी इथेच मिटतात. यातून आणखी एक गोष्ट निघते. काटकसरीचे मोल सरासरी दराने मोजायचे नसते, वरच्या पायरीच्या दराने मोजायचे असते. या कुटुंबाचे बिल भागिले युनिटे केले तर सरासरी आठ रुपये सदुसष्ट पैसे येतात. पण त्यांनी वाचवलेले प्रत्येक युनिट शुल्कासह तेरा रुपये एकोणतीस पैशांचे असते. मघाशी म्हटलेला बटन चालू ठेवण्याचा पंधरा युनिटांचा ऱ्हास त्यांना महिना दोनशे रुपयांना पडेल.

एक गैरसमज इथेच काढून टाकावा. शंभराच्या वर एक युनिट गेले की आधीची शंभरही महाग होतात, असे पुष्कळ लोक सांगतात. तसे नाही. पहिली शंभर पहिल्याच दराने राहतात. वरची तेवढी पुढच्या दराने.

मात्र पायऱ्यांचा खरा फटका बसतो तो एका मीटरवर अनेक चुली असतील तिथे. अप्पर आणि सुपर इंदिरानगरच्या बाजूला किंवा जुन्या वाड्यावस्तीत एका घरमालकाच्या तीन खोल्यांत तीन कुटुंबे आणि मीटर एक, हे दृश्य नवे नाही. प्रत्येकाचा वापर ६० युनिटे असेल, तर स्वतंत्र मीटरवर तिघांचे मिळून शुल्कासह १२२८ रुपये झाले असते. एकाच मीटरवर १८० युनिटे लागली की १७४६ होतात. जास्तीचे ५१८ रुपये कोणी उधळले म्हणून नव्हेत. शंभर युनिटांची स्वस्त पायरी तिघांत एकदाच मिळाली म्हणून. स्वतंत्र मीटरचे तीन स्थिर आकार त्यातून वजा जातील, हे खरे. तेही आपल्या बिलावरून मांडून पाहावे. घरमालक सबमीटर बसवून सरसकट दराने पैसे घेत असेल, तर तो दर कुठून काढला हे विचारायला हाच हिशेब उपयोगी पडतो.

फ्यूज कोणाचा राखणदार

दोन हजार वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ८.७ अँपिअर. या एका भागाकारावर गिझरची सगळी जोडणी ठरते. छोट्या तीन पिनांचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यावर गिझर लावणे म्हणजे त्याला रोज पन्नास मिनिटे भाजणे. प्लगच्या कडा पिवळ्या पडणे, मग तपकिरी होणे, माशासारखा जळका वास येणे या त्याच्या पायऱ्या. गिझरला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट, त्याची स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी लागते. तार अडीच चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून जाड.

जुन्या इमारतींत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. मला ते आवडतात, कारण ते प्रामाणिक आहेत. तार वितळलेली डोळ्यांना दिसते. पण त्यांचा एक दुर्गुण असा की त्यांत कोणीही काहीही घालू शकतो. पंधरा अँपिअरची कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची फ्यूज तार जाडीला अर्धा मिलिमीटर असते, आणि ती साधारण २८ अँपिअरला वितळते. होय, पंधराला नाही. पंधरा अँपिअर ती कायम वाहू शकते आणि त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. फ्यूज तार हाताशी नसली की काय होते हे सर्वांना माहीत आहे : फ्लेक्झिबल वायरचे टोक सोलून त्यातले चार तंतू पिळून घालतात. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३ मिलिमीटरचे असे बावीस तंतू असतात. एक तंतू सुमारे १३ अँपिअरला वितळतो, चार मिळून चाळीस-पन्नासला. भिंतीतली दीड चौरस मिलिमीटरची तार मात्र पाइपात असताना पंधरा-सोळा अँपिअरच्या वर फार वेळ सुखाने राहत नाही. मग आतल्या तारेचे वेष्टन आधी वितळते आणि फ्यूज शाबूत राहतो. फ्यूजने तारेला वाचवायचे, तर इथे तारच फ्यूज झाली.

फ्यूज तारेला वाचवतो, हे वाक्य शब्दशः घ्यावे. एमसीबीचेही तेच. भिंतीतली तार जळू नये, घराला आग लागू नये, यासाठी त्या दोन्ही गोष्टी आहेत. गिझरला हात लावून उभ्या असलेल्या माणसाबद्दल त्यांना काही ठाऊक नसते. हिशेब पाहा. ओल्या अंगाच्या माणसाचा हातापासून पायापर्यंतचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर धारा जाईल. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. पन्नासच्या वर सेकंदभर गेले की हृदयाची लय बिघडू शकते. इथे तर २३० मिलिअँपिअर आहेत. माणसाचा जीव घ्यायला ती पुरेशी आहे. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी मात्र एक छोटा बल्ब लागला इतकेच घडले.

तिसरी तार कुठे जाते

म्हणून तिसरी पिन. ती इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. तिची तार हिरवी किंवा पिवळी-हिरवी असते. कल्पना अशी की गिझरची कॉइल आतून फुटली आणि पत्र्यावर वीज आली, तर तिला जमिनीकडे इतकी सोपी वाट मिळावी की प्रचंड धारा वाहून फ्यूज लगेच उडावा. कॉइल फुटणे दुर्मिळ नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने तिच्यावर चुन्याचा थर चढतो, थराखाली ती जास्त तापते, नळीला चीर जाते आणि पाणी आत शिरते.

आता रिकाम्या जागेतल्या 'भूसंपर्क' या शब्दाच्या खाली उतरू. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात कुठेतरी अर्थिंगचा खड्डा असतो. जमिनीत जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ. बिबवेवाडीचा बराच भाग टेकडीच्या उताराचा. वरची माती थोडी, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. ही जमीन विजेला अनुकूल नाही. ओली असली तर ठीक, उन्हाळ्यात वाळली की तिचा रोध वाढतो. त्यात वरून पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी घालायचे तोंडही बुजते.

खड्डा चांगला आहे असे धरू, रोध ५ ओहम, आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा २ ओहम. पत्र्यावर वीज आली तर २३० भागिले ७, म्हणजे ३३ अँपिअर वाहतील. सोळाची एमसीबी दुपटीच्या भाराला पडेल, पण लगेच नव्हे. अर्धे-एक मिनिट लागू शकते, कधी अधिकही. तेवढा वेळ गिझरचा पत्रा १६४ व्होल्टवर असतो. आता खड्डा वाळलेला, ४० ओहमचा धरा. धारा साडेपाच अँपिअर. एमसीबी पडणारच नाही. पत्रा २१९ व्होल्टवर, दिवसेंदिवस. अर्थिंग आहे, तार जोडलेली आहे, रंगही बरोबर आहे, आणि संरक्षण शून्य. ज्या इमारतीत तिसरी तार खड्ड्याबरोबर वीजपुरवठ्याच्या केबलच्या धातूच्या कवचाला किंवा न्यूट्रलच्या मूळ टोकाला नीट बांधलेली असते, तिथे वाट अखंड धातूची असते आणि एमसीबी क्षणात पडते. पण आपली इमारत कोणत्या प्रकारची आहे, हे सॉकेटकडे बघून कळत नाही.

जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट घडून गेली आहे. तिथे न्हाणीघरातल्या पिनेची तार पुष्कळदा खड्ड्यापर्यंत जातच नव्हती. जवळच्या लोखंडी नळाला गुंडाळलेली असे. नळ जमिनीत, म्हणून काम भागत होते. मग नळ गंजले, सोसायटीने प्लंबिंग बदलले, लोखंडाच्या जागी प्लास्टिकचे पाइप आले. पाणी स्वच्छ येऊ लागले आणि अर्थिंग त्याच दिवशी गेली. प्लंबरचे काम त्याच्या परीने चोख होते, इलेक्ट्रिशियनला कोणी बोलावलेच नव्हते. ज्या इमारतीचे पाइप बदलले आहेत तिथे हा प्रश्न अवश्य विचारावा.

अर्थिंग तपासायची म्हटली की इलेक्ट्रिशियन पिशवीतून टेस्ट लॅम्प काढतो. होल्डरला दोन तारा आणि बल्ब. एक तार फेजला, दुसरी अर्थच्या भोकात. बल्ब लखलखीत लागला की 'अर्थिंग ओके'. या चाचणीत एक मोठी फट आहे. शंभर वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम. त्याच्यापुढे आपला चाळीस ओहमचा निरुपयोगी खड्डा किती? बल्बला २३० ऐवजी २१३ व्होल्ट मिळतील, आणि डोळ्यांना तो तितकाच उजळ दिसेल. टेस्ट लॅम्प फार तर तार तुटलेली नाही एवढे सांगतो. बल्ब मिणमिणला किंवा लागला नाही तर नापास नक्की, लागला तर पास नक्की नाही. खरा आकडा अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टर या उपकरणाने येतो, आणि तो परवानाधारक ठेकेदाराकडून ओहममध्ये लिहून घ्यावा. मोजणी उन्हाळ्याच्या अखेरीस करावी. पावसाळ्यात सगळेच खड्डे गुणी असतात. ही चाचणी स्वतः करू नये, हे वेगळे सांगायला नको.

कधी कधी अर्थिंग सापडत नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक छोटा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतात. टेस्ट लॅम्प मग झकास लागतो. पण जिन्यातला न्यूट्रल कुठे सैल झाला किंवा तुटला, तर घरातल्या चालू उपकरणांतून फेज त्या तुकड्यावाटे थेट गिझर, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यांवर येतो. कॉइल धडधाकट असूनही. घरात करता येण्यासारख्या जोडण्यांत याहून वाईट जोडणी मला माहीत नाही.

तीस मिलिअँपिअर

या सगळ्यावरचा उपाय एका छोट्या डबीत आहे. इलेक्ट्रिशियन तिला अजून ईएलसीबी म्हणतात. आजची डबी आरसीसीबी. तिच्या आत एक कडे असते आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातून जातात. गेलेली धारा तितकीच परत आली तर कड्याला काही जाणवत नाही. काही धारा वाट चुकून पत्र्यातून, पाण्यातून किंवा माणसातून जमिनीत गेली, तर फरक पडतो आणि डबी दोन्ही तारा तोडते. घरासाठी हा फरक ३० मिलिअँपिअरचा, आणि वेळ सेकंदाच्या एका तुकड्याचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत अशा उपकरणाची तरतूद आहे; तरी जुन्या जोडण्यांत ते नसते.

आता चाळीस ओहमच्या त्या नालायक खड्ड्याकडे परत जा. आरसीसीबी तीस मिलिअँपिअरला पडते. ०.०३ गुणिले ४०, म्हणजे पत्रा १.२ व्होल्टच्या वर जाण्याआधीच वीज तुटते. जो खड्डा एमसीबीच्या कामाचा नव्हता, तो आरसीसीबीला पुरून उरतो. आणि अर्थिंग मुळीच नसेल तर? तरीही आरसीसीबी पडेल, पण तेव्हा, जेव्हा गळणाऱ्या विजेला पहिली वाट सापडेल. ती वाट म्हणजे गिझरला किंवा ओल्या नळाला हात लावणारा माणूस. त्याला झटका बसेल, बहुधा तो वाचेल. अर्थिंग असेल तर कॉइलला चीर गेली त्याच दिवशी, न्हाणीघर रिकामे असताना, डबी पडते. बादलीत टाकायच्या रॉडचे दुखणे नेमके इथले आहे. पुष्कळ स्वस्त रॉडना दोनच पिना असतात. तिसरी वाट म्हणजे पाणी तापले का ते पाहायला बोट बुडवणारा माणूस.

आरसीसीबी तारेला वाचवत नाही. जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट तिला कळत नाही, म्हणून एमसीबी काढून तिथे ती लावायची नसते, दोन्ही लागतात. जुन्या वायरिंगमध्ये दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले असतील तर ती बसवल्याबरोबर विनाकारण पडत राहते. मग न्यूट्रल सोडवून घ्यावे लागतात, आणि त्या कटकटीला कंटाळून लोक ती काढून टाकतात. मात्र गिझर लावला की दहा मिनिटांनी पडते आणि एरवी पडत नाही, अशी तक्रार असेल तर ती डबी बिघडलेली नसते. कॉइल गळायला लागलेली असते. पाणी तापले की गळती वाढते आणि डबी आपले काम करते. अशा वेळी 'साहेब, तात्पुरती डायरेक्ट करून देतो' या वाक्याला होकार देऊ नये.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले एक बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे. डबी खटकन पडली पाहिजे. पडली नाही तर ती बदलायची. हे बटन डबीच्या आतच एक कृत्रिम गळती तयार करते, म्हणून अर्थिंग तुटलेली असली तरी डबी पडतेच. बटनाने डबी तपासली जाते, खड्डा नाही. खड्ड्याचा आकडा वेगळा मोजून घ्यावा लागतो, आणि सोसायटीच्या फाइलमध्ये तो नसेल तर येत्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवता येते : पार्किंगमधल्या अर्थिंगचा रोध किती ओहम, आणि कोणत्या तारखेला मोजला.